दहा फूट चार की दहा पॉइंट चार : कारेलीबागेतल्या एका स्वयंपाकघराचं चित्र

काकूंनी फोनवर दोन फोटो पाठवले. पहिला वहीच्या पानाचा. त्यावर पेन्सिलीने काढलेला चौकोन आणि चार भिंतींवर चार आकडे. दुसरं एक रंगीत चित्र होतं, एका दुकानातून करून आणलेलं. त्यात पांढरीशुभ्र शटर्स, करडा ओटा, समोरच्या भिंतीला छतापर्यंत कपाट आणि मधे एवढी मोकळी जागा की तिथे पंगत बसावी. काकूंचा प्रश्न सरळ होता. "हे असं आपल्याकडे होईल ना गं?"

त्यांचं घर बडोद्यातल्या कारेलीबागेतलं. दांडिया बाजारातला जुना वाडा सोडून कुटुंब या फ्लॅटमध्ये आलं त्याला बरीच वर्षं झाली. ओटा मात्र बिल्डरने दिला तोच होता. स्वयंपाक दोघी करतात, काकू आणि त्यांची सून. माझं काम मापांवरून स्वयंपाकघराचं चित्र करून देण्याचं. फर्निचर दुसरे करतात. या प्रकरणात चित्र करण्यापेक्षा ते खरं ठेवायलाच जास्त वेळ गेला.

वहीतल्या पानावर खिडकीच्या भिंतीचं माप होतं "१०.४". इथे पहिला फोन केला. घरी टेपने मोजणारा माणूस दहा फूट चार इंच असं मोजतो आणि मधे टिंब देऊन लिहितो. चित्र करणारा ते दशांश समजून संगणकात घालतो. दहा फूट चार इंच म्हणजे ३१५० मिलिमीटर, आणि दशांशातले १०.४ फूट म्हणजे ३१७०. दोन सेंटिमीटरचा फरक, तोही एका टिंबाने. काकूंच्या मुलाला विचारलं तर ते फूट-इंचच निघालं. तेव्हापासून मी कोणालाही सांगते की माप मिलिमीटरमध्येच लिहा आणि टेप भिंतीला लावलेला असताना आकड्याचा फोटो काढा.

मुलाने पुन्हा मोजलं. या वेळी प्रत्येक भिंत तीन उंचींवर, म्हणजे फरशीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. तिन्ही आकडे सारखे येत नाहीत, कारण प्लास्टर कुठे पोट काढतं तर कुठे आत जातं. ओट्याच्या उंचीला ३१५० आलं, वर त्याहून थोडं जास्त. अशा वेळी सगळ्यात लहान आकडा धरायचा. कपाट अरुंद असलं तर पट्टी लावता येते. रुंद असेल तर भिंत फोडावी लागते.

आता त्या रंगीत चित्रातली रांग बघू. डावीकडून कोपऱ्याचं कपाट १०५०, सिंकखालचं ९००, डिशवॉशर ६०० आणि ट्रॉल्यांचं ६००. बेरीज करा, बरोबर ३१५०. दुकानदाराने गणित चोख केलं होतं आणि नेमका तिथेच घोटाळा होता. काकूंनी माप दिलं ते जुन्या टाइल्स काढून, उघड्या प्लास्टरवर. नव्या टाइल्स आणि खालचा चिकटवायचा मसाला मिळून एका बाजूला साधारण १५ मिलिमीटर जाणार, दोन्ही टोकांना मिळून ३०. म्हणजे प्रत्यक्षात जागा उरणार ३१२०. कपाटं कारखान्यातून ३१५० ची येतील आणि बसवायच्या दिवशी शेवटचं आत जाणार नाही. डिशवॉशरच्या खणातून तर एक मिलिमीटरही काढता येत नाही. यंत्र ६०० चं आहे, त्याला तेवढी जागा लागतेच. मग मिस्त्री ट्रॉल्यांचं कपाट तासतो, आणि त्यातली तयार चॅनलची ट्रॉली पुढे आयुष्यभर अडकत राहते.

शिवाय भिंतीला अगदी लागून ट्रॉली बसवता येत नाही. हँडल भिंतीवर घासतं. म्हणून टोकाला फिलर पट्टी लागते, निदान ५० ची. तीही त्या चित्रात नव्हती.

मी सिंकचं कपाट ९०० वरून ८०० केलं. काकूंना हवं होतं ते २४ बाय १८ इंचाचं सिंक ८०० मध्ये व्यवस्थित बसतं आणि त्यात मोठी कढईही आडवी होते. नवी रांग अशी झाली : कोपरा १०७०, सिंक ८००, डिशवॉशर ६००, ट्रॉल्या ६००, पट्टी ५०. बेरीज ३१२०. चित्रात ती पट्टी मी शटरच्याच रंगाची पण स्पष्ट दिसेल अशी काढली. सूनबाईंनी लगेच विचारलं, ही उभी फळी कशाला? हा प्रश्न चित्र बघताना आला हेच बरं झालं. बसवून झाल्यावर आला असता तर तो भांडणाचा झाला असता.

एक तपासणी मी मुलाला घरीच करायला लावली. सिंकची भिंत आणि शेगडीची भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून एकीवर ९०० आणि दुसरीवर १२०० वर खूण करायची, मग दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. कोपरा काटकोनात असेल तर १५०० यायला हवं. आलं १५१२. म्हणजे कोपरा जवळजवळ एक अंशाने उघडलेला. ऐकायला नगण्य वाटतं, पण शेगडीच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती सरळ रेषेपासून चार सेंटिमीटर सुटते. कपाटं काटकोनात लावली तर मागे पाचरीसारखी फट राहते. त्यात पीठ जातं, मग झुरळं येतात. मी संगणकातली भिंतच तिरकी केली आणि त्या बाजूच्या ग्रॅनाइटला टोकाशी ४० मिलिमीटर जास्त रुंदी दाखवली. बहुतेक चित्रांत सगळे कोपरे काटकोनात असतात. आपल्या घरांत तसे फार थोडे असतात.

आता ती पंगत बसेल एवढी मोकळी जागा. काकूंच्या खोलीची रुंदी टाइल्स लागल्यावर २३८३ मिलिमीटर. एका बाजूला ६०० चा ओटा, समोर ६०० चं कपाट, म्हणजे मधे ११८३ उरतात, चार फुटांना जरा कमी. रंगीत चित्रात मात्र ती जागा प्रशस्त दिसत होती. मी काकूंना फोनवरच चित्र उघडायला सांगितलं आणि म्हटलं, "काकू, ओटा आणि समोरचं कपाट यांच्यामधे फरशा किती दिसतात, मोजा बरं."

त्यांनी बोट ठेवून मोजल्या. "तीन. तिसरी थोडी कापलीय."

"तुम्ही घेतलेली फरशी केवढी?"

"दोन बाय दोनची."

जवळजवळ तीन फरशा म्हणजे सहा फुटांच्या आसपास. खरी जागा दोन फरशांना अपुरी. खोली त्यांची नव्हतीच. एखाद्या तयार नमुन्याच्या खोलीवर त्यांच्या कपाटांचे रंग चढवले होते. फरशा मोजायला काही शिकावं लागत नाही आणि चित्रातली खोली ताणलेली असेल तर त्या लगेच सांगतात. फरशा बरोबर असूनही चित्र फसवं असू शकतं, ते कॅमेऱ्याच्या कोनामुळे. कोन फार मोठा ठेवला की खोली लांबरुंद वाटते. ते ओळखायचं चित्राच्या कडांवरून. कडेला असलेलं गोल पातेलं अंड्यासारखं दिसतं, कडेची फरशी पतंगासारखी ओढली जाते, फ्रिज दुप्पट जाड होतो. चित्रांसाठी मी स्केचअप हे सॉफ्टवेअर वापरते. त्यात हा कोन, म्हणजे Field of View, मुळात ३५ अंश असतो. एवढ्याशा खोलीत तेवढ्याने फारसं काही मावत नाही, म्हणून मी ५० पर्यंत जाते, त्यापुढे नाही. आणि कॅमेरा भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवत नाही, जिथे माणूस उभा राहू शकतो तिथेच ठेवते. अख्खं स्वयंपाकघर एका चित्रात येत नसेल तर दोन चित्रं देते, सोबत वरून पाहिलेला नकाशा. कॅमेऱ्याची उंची मी काकूंच्या डोळ्यांची ठेवली, १४०० मिलिमीटर. माणसाला आपलं घर आपल्या उंचीवरूनच दिसतं.

पुढची गोष्ट फ्रिजची. चित्रात तो समोरच्या कपाटात सपाट बसलेला होता. काकूंचा खरा फ्रिज हँडलसकट ७०० खोल निघाला आणि मागे हवेसाठी ५० सोडायचे. म्हणजे तो भिंतीपासून ७५० पुढे येतो आणि समोरच्या ओट्यापर्यंत १०३३ च राहतात. आता डिशवॉशर उघडा. त्याचं दार खाली पडतं आणि सुमारे ६०० पुढे येतं. ते फ्रिजसमोर आलं तर उरतात ४३३. एवढ्यात माणूस आडवा होऊन जातो, पण वाकून ताटं लावू शकत नाही. बंद दारांच्या चित्रात हे कधीच दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक प्रकरणात एक नकाशा सगळं उघडं ठेवून काढते : डिशवॉशरचं दार खाली, ट्रॉल्या बाहेर, फ्रिज उघडा, आणि ओट्यापाशी एक माणूस. काकूंना तो नकाशा पाठवल्यावर बराच वेळ उत्तर नव्हतं. मग सूनबाईंचा फोन आला. "वरच्या चित्रापेक्षा हेच कळलं हो."

उपाय काही चमत्कारिक नव्हता. फ्रिज दाराजवळच्या टोकाला नेला, ट्रॉल्यांच्या समोर. डिशवॉशरसमोर ६०० खोलीच्या कपाटाऐवजी ३०० खोलीचं उथळ कपाट सुचवलं. त्यात डबे एकामागे एक न लागता एकाच ओळीत राहतात आणि मागचा डबा काढायला पुढचे चार हलवावे लागत नाहीत. त्यामुळे डिशवॉशर उघडा असतानाही ८८३ मिलिमीटर वाट राहते. साठवण कमी झाली, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. फ्रिजपाशी १०३३ च उरतात हेही सांगितलं आणि नकाशावर तिथे लाल खूण केली. अमेरिकेतल्या स्वयंपाकघर-आखणीच्या शिफारशींत एका माणसासाठी ४२ इंच आणि दोघांसाठी ४८ इंच वाट धरतात. फ्रिजपाशी आपल्याला ४२ सुद्धा मिळत नाहीत. ते लपवून उपयोग नाही. तिथे दोघी एका वेळी उभ्या राहणार नाहीत, एवढं त्यांनी आधी ठरवून घेतलं.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यातलं अंतरही तपासलं. हा कामाचा त्रिकोण १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात मांडला गेला. एकेक बाजू चार ते नऊ फूट, तिघींची बेरीज सव्वीस फुटांच्या आत. इथे बाजू १.२७, १.६५ आणि २.१५ मीटर, बेरीज पाच मीटरच्या थोडी वर, म्हणजे साडेसोळा फूट. सगळं बसतं. मला स्वतःला या त्रिकोणावर फार भरवसा नाही, कारण तो एका माणसासाठी आहे आणि डिशवॉशरचं उघडं दार तो मोजतच नाही. पण एखादी बाजू चार फुटांखाली गेली तर शेगडीशेजारी मांडायला जागा नाही हे तो नक्की सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ओट्याच्या उंचीवर. तयार कपाटांचा हिशोब ठरलेला असतो. खालचे पाय १००, कपाट ७२०, वर २० चा दगड, म्हणजे ८४०. दुकानाच्या चित्रात हाच आकडा होता, कारण तो कारखान्याला सोयीचा. काकू आणि सूनबाई यांच्या उंचीत मात्र जवळजवळ अर्धा फुटाचा फरक आहे.

उंची विचारून भागत नाही, कोपर मोजावं लागतं. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं, हात काटकोनात दुमडायचा आणि कोपराच्या खालच्या टोकापासून फरशीपर्यंत टेप सोडायचा. काकूंचं कोपर आलं ९५२. मी विचारलं, "स्वयंपाक करताना पायात काही असतं का?" टाच दुखते म्हणून त्या घरात मऊ चप्पल घालतात. चप्पल घालून पुन्हा मोजलं तर ९७०. सूनबाई अनवाणी असतात, त्यांचं १०४१. चिरणं, मळणं अशा कामाला ओटा कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. म्हणजे काकूंना ८२० ते ८७० आणि सूनबाईंना ८९१ ते ९४१. दोघींच्या सोयीचा एकही समान आकडा नाही.

अशा वेळी सरासरी काढली की दोघींची पाठ दुखते. त्यापेक्षा कोणतं काम कुठल्या उंचीवर होतं ते पाहिलं. सिंकमध्ये हात ओट्यावर नसतात, तळाशी असतात, म्हणजे आणखी नऊ इंच खाली. म्हणून सिंकची बाजू उंच हवी. शेगडीचं उलट. त्यांची शेगडी ओट्यावर ठेवायची आहे, जाळी ओट्यापासून १२० वर, त्यावर पाच लिटरचा कुकर. त्याच्या झाकणापर्यंत आणखी २०० धरा. ओटा ८८० असेल तर काकूंना शिट्टी काढायला हात १२०० पर्यंत उचलावा लागेल, कोपराच्या बराच वर, वाफेच्या तोंडावर. ओटा ८०० असेल तर ११२०. आणि पोळ्या? काकूंचा पोळपाट ४० मिलिमीटर उंच. ८०० च्या ओट्यावर लाटायची जागा ८४० येते, कोपरापेक्षा १३० खाली. लाटताना अंगाचा भार लाटण्यावर यायला हवा, तो इथे येतो.

म्हणून सिंकची बाजू ८८०, शेगडीची बाजू ८००. सिंककडे ७२० चं कपाट ठेवून पाय १४० केले. डिशवॉशरला दगडाखाली साधारण ८२० लागतात, इथे ८६० मिळतात. शेगडीकडे ६८० चं कपाट, १०० पाय आणि २० दगड. पायरी ८० मिलिमीटरची, कोपऱ्याच्या दगडाची कड जिथे संपते तिथे. सूनबाई सिंककडे चिरतात. त्यांचा लाकडी पाट ३० जाड, म्हणजे ९१०, त्यांच्या कोपराखाली १३१. काकूंना ८८० किंचित उंच पडतो, ते त्यांनी मान्य केलं.

ही पायरी चित्रात मी जवळून, वेगळ्या चौकटीत काढली. तिथे दगडाची उभी कड दिसते, दोन्हीकडची शटर्स एका रेषेत येत नाहीत. दिसायला ते तुटक आहे. काकूंच्या मुलाला ते खटकलं. मिस्त्री म्हणाला, एकसारखाच करू, "चालशे". काकूंनी मग एक गोष्ट केली. जुन्या ओट्यावर विटा आणि पाट रचून आधी ८०० ची आणि मग ८८० ची उंची केली आणि दोन्हींवर चार-चार पोळ्या लाटून पाहिल्या. त्यानंतर त्या पायरीबद्दल घरात कोणी बोललं नाही.

फरशीचा एक मुद्दा इथेच येतो. नवी फरशी जुनीवरच चिकटवायची होती, अंदाजे १४ मिलिमीटर. सगळ्या उंच्या मी नव्या फरशीपासून धरल्या आणि चित्रावर तसं लिहिलं. काम झाल्यावर फरशी मोरीच्या विरुद्ध बाजूला २२ चढलेली निघाली, कारण मोरीकडे ढाळ द्यायचा होता. कपाटाचे पाय पेचाचे होते, ते तिथे आठ मिलिमीटर खाली फिरवले आणि ओटा सपाट राहिला. लाकडी चौकटीवर कपाटं बसवली असती तर हे जमलं नसतं.

माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली. शेगडीच्या भिंतीवर पाइप गॅसची नळी आणि तिचा कॉक होता. जुन्या ओट्याखाली सिलिंडरच्या काळातली फळी होती, तिच्यामागे तो झाकला गेला होता. फोटोत तो आलाच नाही आणि मीही फळी काढून फोटो पाठवा असं म्हटलं नाही. कॉक भिंतीपासून ९० पुढे आलेला. तिथल्या कपाटाची खोली ५६०, त्यात मी ५०० च्या ट्रॉल्या धरल्या होत्या, म्हणजे मागे जागा ६० च. कपाटं बसवायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने फोन केला. गॅसचा कॉक हलवणं मिस्त्रीचं काम नाही, ते गॅस कंपनीच्याच माणसाने करायचं. म्हणून त्या एका कपाटात ट्रॉल्या ४५० च्या घेतल्या आणि मागच्या फळीला कॉकपर्यंत हात जाईल एवढी खिडकी कापली. काकूंना ती खिडकी मी स्वतः जाऊन दाखवली. वरची ट्रॉली पूर्ण काढून, आत हात घालून, कॉक दोनदा बंद-चालू करून. मग त्यांनीही करून पाहिला.